‘पैसे कापलेले नाहीत’ एवढं आधी लिहा : बँकांच्या मेसेजचा मजकूर ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
खातेदाराच्या मोबाईलवर जाणाऱ्या मेसेजचा मजकूर लिहिणारे आणि मंजूर करणारे सर्व बँकांचे अधिकारी यांस,

विषय : यूपीआय ऑटोपेचा मेसेज वयस्कर खातेदाराला समजेल असा लिहिण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात राहते आणि इथल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. त्यामुळे नात्यातल्या, गल्लीतल्या कुणाच्याही मोबाईलवर बँकेचा किंवा सिमकार्ड कंपनीचा मेसेज आला की त्याचा स्क्रीनशॉट फिरत फिरत माझ्याकडे येतो. व्याज जमा झालं, एटीएम कार्डाची वर्षाची फी गेली, रिचार्ज संपत आलं, असले मेसेज दोन वाक्यांत समजावून होतात. एक मेसेज मात्र असा आहे की समोरच्याचा जीव थाऱ्यावर आणण्यातच निम्मा वेळ जातो. यूपीआयवर ‘मॅन्डेट’, म्हणजे खात्यातून ठरावीक काळाने पैसे घेण्याची कंपनीला दिलेली परवानगी, तयार झाल्याचा मेसेज. हे पत्र त्या एकाच मेसेजविषयी आहे.

माझ्या मावशीला आलेला मेसेज खाली देते. कंपनीचं नाव आणि नंबर मी गाळले आहेत.

```
Dear Customer, UPI-Mandate for MAX Rs.5000.00
MONTHLY from A/c XX4417 towards ........ is
successfully created. UMN 7c1e....@....
Not you? Call 1800.......
```

मावशी विडी घरकुलात राहते. आयुष्यभर तिने विड्या वळल्या. सातवीपर्यंत शिकली आहे, मराठी पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, पंढरपूरच्या गाडीची पाटी असो की दवाखान्याचा कागद, तिला कुणाची मदत लागत नाही. इंग्रजी अक्षरं आणि आकडे ओळखते, वाक्य लागत नाही. भविष्य निधीची तिची पेन्शन महिना हजार रुपये आहे, 2014 पासून किमान पेन्शन तेवढीच आहे. म्हणजे तुमच्या मेसेजातला पाच हजाराचा आकडा ही तिची पाच महिन्यांची पेन्शन होते. हे आधी सांगते, कारण तो आकडा तिने कोणत्या डोळ्यांनी वाचला ते त्याशिवाय कळणार नाही.

माझ्याकडे आला तो पूर्ण मेसेजचा स्क्रीनशॉट नव्हताच. मोबाईल लॉक असताना वरच्या पट्टीत मेसेजच्या पहिल्या एक-दोन ओळी दिसतात, तेवढाच फोटो शेजारच्या मुलाने स्वतःच्या मोबाईलने काढून पाठवला होता. त्यात दिसत होतं ते फक्त पाच हजार, मंथली आणि मावशीच्या खात्याचे शेवटचे चार आकडे. ‘तयार झालं’ हे क्रियापद पट्टीच्या पलीकडे राहिलं होतं. तो मुलगा हुशार आहे, बारावीला आहे. त्याने दिसलं ते प्रामाणिकपणे वाचून दाखवलं, “मावशी, दर महिन्याला पाच हजार जाणार असं लिहिलंय.” मावशीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज फुटत नव्हता. “अगं, पाच हजार गेले की माझे. आता दर महिन्याला काढायलेत म्हणं. खातंच बंद करून टाकू का?”

अशा वेळी ‘काही नाही गं, नुसता मेसेज आहे, झोप निवांत’ असं म्हणायची फार घाई होते. मी ते म्हणत नाही. एक तर तेवढ्याने कुणाला झोप लागत नाही, आणि दुसरं म्हणजे या मेसेजच्या बाबतीत ते खरंही नाही. यात काळजी करण्यासारखं थोडं आहे, फक्त मावशी ज्याला घाबरली होती ते नव्हे. मी तिला जे सांगितलं ते तुम्हाला सविस्तर सांगते, कारण त्यातलं बरंचसं तुमच्या मेसेजनेच सांगायला हवं होतं.

मी आधी पूर्ण मेसेज उघडून त्याचा स्क्रीनशॉट मागवला, वर पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसेल असा. कापलेल्या फोटोवरून मी कधीच अर्थ सांगत नाही. नाव बघायचं कारण असं की बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. तो इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतो, आणि 2025 पासून त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक अक्षर असतं. `-T` म्हणजे व्यवहाराचा, `-S` म्हणजे सेवेचा, `-P` म्हणजे जाहिरातीचा आणि `-G` म्हणजे सरकारी. मावशीच्या मेसेजवर नाव बँकेचं होतं आणि शेवटी `-S` होतं. तेवढ्याने शंभर टक्के खात्री होत नाही, पण दहा आकडी नंबरवरून आलेला ‘बँकेचा’ मेसेज मात्र तिथल्या तिथे बाद करता येतो.

मग मी तिला शिल्लक बघायला लावली. मेसेजवर तासभर बोलण्यापेक्षा हा एक आकडा जास्त काम करतो. तिच्या खात्यात आदल्या दिवशी 18,642 रुपये होते. आता 18,641 दिसत होते. एक रुपया गेला होता, पाच हजार नव्हते गेले. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, मोठ्याने वाचलं, आणि मग कुठे ती माझं पुढचं ऐकायला तयार झाली. वयस्कर माणसाला समजावताना क्रम चुकला तर बाकी सगळं फुकट जातं. पैसे आहेत की गेले, याचं उत्तर मिळेपर्यंत मॅन्डेट म्हणजे काय हे त्याच्या कानातच शिरत नाही.

तो एक रुपया कुठे गेला? इथे गोष्ट उलगडली. आषाढीच्या आधी मावशीने मोबाईलवर एक जाहिरात बघितली होती. कीर्तनं आणि अभंग ऐकवणारं ॲप, ‘फक्त 1 रुपयात 7 दिवस’. जाहिरात शुद्ध, गोड मराठीत होती. तिने बटण दाबलं, भाजीवाल्याला पैसे देताना टाकते तसा यूपीआय पिन टाकला, एक रुपया गेला आणि कीर्तन सुरू झालं. तिच्या लेखी व्यवहार तिथे संपला. प्रत्यक्षात त्या एका पिनने दोन कामं झाली होती. एक रुपया दिला गेला, आणि त्याच कंपनीला पुढे दर महिन्याला खात्यातून पैसे घेण्याची परवानगीही दिली गेली. पहिल्या सात दिवसांनंतर महिन्याला 149 रुपये, असं त्या ॲपच्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं.

मग पाच हजार कुठून आले? हाच प्रश्न मावशीने विचारला, आणि तो अगदी बरोबर होता. मी म्हटलं, “मावशी, समज तू कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सांगून ठेवलंस, माझा नातू येईल, त्याला लागेल तो माल दे, पण महिन्याला पाच हजाराच्या वर जाऊ देऊ नकोस. तर वहीत पाच हजार मांडले जातात का?” ती म्हणाली, “नाही, नेईल तेवढेच.” तेच इथे. पाच हजार ही कमाल मर्यादा आहे, बिल नाही. कंपनी 149 घेणार, पण परवानगी मात्र पाच हजारापर्यंतची घेऊन ठेवली आहे.

इथे थांबून चालणार नव्हतं. कारण मर्यादा ही नुसती शोभेची नसते. उद्या कंपनीने दर वाढवला, 149 चे 499 केले, तरी ते त्या मर्यादेत बसतात आणि त्यासाठी मावशीला पुन्हा पिन टाकावा लागत नाही. अशा नेहमीच्या वर्गण्यांना 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही, पहिल्यांदा परवानगी देताना टाकला तेवढाच. म्हणून मी तिला ‘काही नाही’ म्हटलं नाही. म्हटलं, “आज पैसे गेले नाहीत. पण तू एक दार उघडं ठेवलं आहेस. ठेवायचं की लावून घ्यायचं ते आपण ठरवू.” यावर तिने पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात विचारलं, “मग मला ते कुणी सांगितलं का नाही?”

महोदय, तिला ते सांगायचं काम तुमच्या मेसेजचं होतं, आणि तुमच्या मेसेजने ते केलं असं तुम्ही कागदोपत्री म्हणू शकता. सगळं त्यात आहे. मॅक्स हा शब्द आहे, तयार झाल्याचं क्रियापद आहे, नंबर आहे. पण आकडा आधी आहे आणि क्रियापद शेवटी. पट्टीत आकडा दिसतो, क्रियापद दिसत नाही. ज्याला इंग्रजी वाक्य लागत नाही त्याला ते पूर्ण उघडूनही दिसत नाही. त्याला दिसतो खाते क्रमांक, रुपये आणि महिना. त्यातून कोणीही सरळ माणूस पैसे गेले असाच अर्थ काढणार.

याच जोडीचा दुसरा मेसेज पैसे कापण्याआधी येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशी रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी खातेदाराला कळवावं लागतं. फार चांगला नियम आहे. नको असेल तर थांबवायला पूर्ण एक दिवस मिळतो. पण तो मेसेजही ‘विल बी डेबिटेड’ असा येतो, आणि इंग्रजीतला भविष्यकाळ ज्याला कळत नाही त्याला त्यातलं ‘डेबिटेड’ तेवढं ओळखीचं वाटतं, कारण पैसे गेल्यावर येणाऱ्या प्रत्येक मेसेजात तोच शब्द असतो. म्हणजे ज्या मेसेजने सावध करायचं, तोच सगळं संपल्यासारखा वाचला जातो. वाचणारा हताश होऊन मोबाईल खाली ठेवतो आणि थांबवायचा तो एक दिवस निघून जातो. मी माझ्या माणसांना एवढंच शिकवते की `will be` दिसलं तर पैसे अजून खात्यात आहेत, लगेच मला फोन करा. दोन छोटे शब्द ओळखायला शिकवावे लागतात, कारण तुम्ही ‘उद्या कापले जातील’ असं लिहीत नाही.

आता परवानगी रद्द करण्याविषयी, कारण भीतीची दुसरी लाट तिथे येते.

ती रद्द करायला मी मावशीच्या घरी गेले. मला फोन करण्याआधीच तिने ते कीर्तनाचं ॲप मोबाईलमधून काढून टाकलं होतं. बहुतेक सगळे हेच करतात आणि निश्चिंत होतात. पण परवानगी त्या ॲपमध्ये नसते, ती बँकेच्या खात्यावर बसलेली असते. ॲप काढलं तरी ती चालूच राहते. ज्या यूपीआय ॲपवरून पिन टाकला, त्याच ॲपमध्ये स्वतःच्या नावाच्या किंवा फोटोच्या जागी दाबून आत गेलं की `Autopay` किंवा `Mandates` नावाची जागा सापडते. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात, कोणत्या कंपनीला, किती मर्यादेची, कधीपर्यंतची. त्यातली नको ती उघडून `Cancel` किंवा `Revoke` दाबायचं. `Pause` नावाचंही बटण असतं, त्याने परवानगी तात्पुरती थांबते, संपत नाही.

आणि मग ॲप यूपीआय पिन मागतं. मावशीचा हात तिथे थांबला. “तूच म्हणाली होतीस ना, पिन टाकला की पैसे जातात? पैसे घ्यायला, परत मिळवायला कुणी पिन मागितला तर टाकायचा नाही म्हणून?” होय, मीच सांगितलं होतं, आणि तो नियम मी प्रत्येकाला सांगते, कारण ‘रिफंड देतो, पिन टाका’ म्हणून लुटण्याचा प्रकार सगळीकडे चालतो. पण परवानगी रद्द करायलाही पिन लागतोच. तिच्या शंकेपुढे मला थोडा विचार करावा लागला. शेवटी मी तिला असं सांगितलं, “आपण स्वतः ॲप उघडलं, स्वतः आत गेलो, स्वतः रद्द करायचं बटण दाबलं, म्हणून हा पिन टाकायचा. कुणी फोनवर सांगतंय म्हणून किंवा कुणी पाठवलेल्या लिंकवरून पान उघडलं म्हणून पिन मागितला असता तर मोबाईल ठेवून द्यायचा.” सुरुवात कुणी केली, यावर तिने ते लक्षात ठेवलं. हा फरक तिला पटला, आणि मला वाटतं बऱ्याच वयस्कर माणसांना पटेल. पण तो सांगणारं वाक्य मी एकाही बँकेच्या मेसेजात अजून वाचलेलं नाही.

पिन टाकला, परवानगी रद्द झाली, आणि मिनिटभरात तुमचा पुढचा मेसेज आला. त्यातही खाते क्रमांक, त्यातही Rs.5000.00, आणि शेवटी `revoked`. मावशीने लगेच माझ्याकडे बघितलं, “आता गेले का?” मी समोर बसले होते म्हणून ठीक. ती एकटी असती तर पुन्हा रात्र गेली असती.

एकटी असती तर आणखीही एक झालं असतं, आणि या पत्राचं खरं कारण ते आहे. घाबरलेला माणूस नंबर शोधतो. तुमच्या मेसेजच्या शेवटी दिलेला नंबर मी मावशीसाठी लावून बघितला. आधी इंग्रजी, मग हिंदी, मग कार्डाचे आकडे टाका म्हणून सांगणारा आवाज. मावशीकडे कार्ड नाही, तिने घेतलंच नाही, पासबुकावर आणि यूपीआयवर तिचं भागतं. त्या आवाजाच्या पुढे जाऊन माणसाशी बोलायची वाटच नव्हती. अशा वेळी माणूस पुढे काय करतो ते आम्ही पतसंस्थेत बघतो. इंटरनेटवर बँकेच्या नावाने कस्टमर केअरचा नंबर शोधतो, आणि तिथे वर आलेला नंबर भामट्याचा असू शकतो. तो मात्र पहिल्या रिंगला उचलतो आणि स्वच्छ मराठीत बोलतो. “घाबरू नका आजी, तुमचे पाच हजार परत करतो, मी सांगतो तेवढं करा.” म्हणजे मेसेज खरा, बँक खरी, परवानगीही खरी, आणि फसवणूक मात्र त्या खऱ्या मेसेजने घातलेल्या भीतीतून होते. मी घरात सांगून ठेवलं आहे की नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा लावायचा, शोधून काढलेला नाही, आणि पैसे खरंच फसवून गेले असतील तर लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाची इथे आठवण करून देते, कारण ते तुमच्या टेबलावर असायला हवं. खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि त्याने तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान त्याच्या माथी येत नाही, हे त्यात आहे. बऱ्याच जणांना तेवढं माहीत असतं. पण त्याच परिपत्रकात असंही म्हटलं आहे की खातेदाराला आलेल्या मेसेजला तिथूनच उत्तर पाठवून तक्रार करता आली पाहिजे, त्याला वेबसाइट किंवा ई-मेल शोधत बसावं लागू नये. मावशीच्या मोबाईलवर त्या मेसेजच्या खाली उत्तर लिहायला गेलं तर ते जातच नाही, कारण अक्षरांच्या नावाने आलेल्या मेसेजला उत्तर पाठवायची सोयच नसते. ‘नाही’ एवढा एक शब्द उलट पाठवायची सोय एखाद्या नंबरवर ठेवली, आणि तो नंबर मेसेजातच दिला, तर कार्ड नसलेल्या आणि इंग्रजी आवाजापुढे थांबून राहणाऱ्या माणसालाही तीन दिवसांच्या आत कळवता येईल. मावशीच्या बाबतीत परवानगी तिनेच दिली होती, त्यामुळे हा नियम तिला लागू होत नाही. पण तिने दिली होती हे कळेपर्यंत तिला तो हवा होता.

मराठीत मेसेज का येत नाही, याचं तुमच्या बाजूचं उत्तर मला ठाऊक आहे. प्रत्येक मेसेजचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि देवनागरी मेसेज महाग पडतो. इंग्रजी मेसेजच्या एका भागात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70, आणि मोजताना काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सगळं वेगवेगळं धरलं जातं. वर दिलेला मेसेज इंग्रजीत एका भागात बसतो, तोच मराठीत दोन-तीन भागांचा होईल. पतसंस्थेचे मेसेजही आम्हाला विकतच पाठवावे लागतात, तेव्हा हा खर्च मी खोटा म्हणणार नाही. म्हणूनच मी कागद घेऊन मोजायला बसले. हे वाक्य बघा :

पैसे कापलेले नाहीत. दरमहा जास्तीत जास्त रु.5000 ची परवानगी दिली आहे.

काना-मात्रांसकट, मधल्या मोकळ्या जागांसकट हे सत्तरच्या आत बसतं. कंपनीचं नाव, खात्याचे चार आकडे आणि नंबर पुढच्या भागात जाऊ द्या. पट्टीत पहिलं वाक्य दिसलं की निम्मं काम झालं. आणि हेही परवडत नसेल, इंग्रजीच ठेवायचं असेल, तर निदान क्रम बदला. `NO MONEY DEBITED NOW` हे शब्द आधी आणि आकडा नंतर. शेजारचा बारावीचा मुलगा तेवढं नक्की बरोबर वाचून दाखवील. रद्द झाल्याच्या मेसेजात तर पाच हजाराचा आकडा मुळात हवाच कशाला? कंपनीचं नाव आणि ‘यापुढे पैसे जाणार नाहीत’ एवढं पुरे.

मर्यादेबद्दलही एक मागणी आहे, ती मजकुरापलीकडची आहे, पण तुम्ही ती वरपर्यंत पोचवू शकता. महिन्याला 149 घेणाऱ्या कंपनीला पाच हजाराची परवानगी कशासाठी लागते? दर थोडा वाढला तर पुन्हा पिन मागावा लागू नये, एवढीच त्यामागची सोय असेल, तर ती मर्यादा दोनशे-तीनशेवर का ठेवता येऊ नये? परवानगीच्या पानावर ‘आज किती’, ‘दरमहा किती’ आणि ‘जास्तीत जास्त किती’ हे तिन्ही आकडे सारख्याच मोठ्या अक्षरात, एकाखाली एक आले असते, तर मावशीने बटण दाबण्याआधी विचारलं असतं. ती पैशाच्या बाबतीत भोळी नाही. हजार विड्यांमागची मजुरी आणि कारखान्यात नापास करून काढलेल्या विड्या यांचा हिशेब तिने उभा जन्म केला आहे.

भाषेविषयी सोलापुरातून लिहिताना आणखी एक सांगायला हवं. विडी घरकुलात मावशीच्या एका बाजूला तेलुगू घर आहे, पलीकडे कन्नड. त्या घरांतल्या बायकाही मराठी बोलतात, पण प्रत्येकीला मराठी वाचता येतंच असं नाही. तेव्हा सगळ्यांना सरसकट मराठी पाठवा असं माझं म्हणणं नाही. खातं उघडण्याच्या अर्जावर, केवायसीच्या कागदावर भाषेचा एक रकाना ठेवा, तो भरून घ्या आणि मेसेज त्याप्रमाणे जाऊ द्या. एक रुपयाच्या जाहिरातीला मावशीची भाषा कळते. जिच्याकडे तिचं खातं आहे त्या बँकेला ती कळायला अडचण पडू नये.

शेवटचं मागणं सगळ्यात सोपं आहे. रिझर्व्ह बँकेने शाखा पातळीवर ग्राहक सेवा समिती ठेवायला सांगितली आहे, तिच्यात खातेदार असावेत आणि शक्यतो एक ज्येष्ठ नागरिक असावा असंही म्हटलं आहे. मेसेजचा नवा साचा मंजुरीला पाठवण्याआधी तो एकदा अशा समितीतल्या ज्येष्ठाच्या मोबाईलवर पाठवून बघा. त्यांना काही समजावू नका. फक्त विचारा, ‘यात पैसे गेले आहेत की नाहीत?’ उत्तर चुकलं तर साचा परत लिहा.

सोलापुरातल्या कोणत्याही शाखेने हे करायचं ठरवलं तर मावशी यायला तयार आहे, मी तिला विचारलं आहे. सकाळी अकरानंतर कधीही चालेल, फक्त पेन्शनच्या रांगेचे दिवस सोडून बोलवा. तिच्याबरोबर शेजारच्या दोघीही येतील, एक तेलुगू वाचणारी आणि एक काहीच न वाचणारी.

आपली,
एका खातेदाराची भाची
सोलापूर